‘टील अँड ऑरेंज करा’ एवढ्यावर भागत नाही: फोटोंच्या संचाला एकच लूक मिळावा म्हणून ग्रेड नोट कशी लिहायची

एडिटरला फोटो पाठवताना बहुतेक जण एक ओळ लिहितात: ‘टील अँड ऑरेंज लूक हवा’ किंवा ‘सॉफ्ट पेस्टल करा, इन्स्टावर असतं तसं’. चार दिवसांनी फोटो येतात. एकेकटा पाहिला तर प्रत्येक बरा दिसतो, पण शेजारीशेजारी ठेवले की एक निळा, एक हिरवट, एकीचा चेहरा गेरूसारखा, दुसरीचा राखेसारखा. मग ‘जरा वॉर्म करा’, ‘अजून थोडं सिनेमॅटिक’ असे निरोप सुरू होतात आणि दर फेरीला नवीन काहीतरी बिघडतं.

यात एडिटरचा दोष क्वचितच असतो. ‘टील अँड ऑरेंज’, म्हणजे मोरपंखी आणि नारिंगी, या तीन शब्दांत सावल्यांचं काय करायचं, त्वचेचं काय, कपड्याच्या खऱ्या रंगाचं काय, यातलं काहीही सांगितलेलं नसतं. एडिटर त्याच्याकडचा प्रीसेट लावतो आणि प्रीसेट प्रत्येक फोटोवर वेगळा पडतो. त्याऐवजी पानभर नोट कशी लिहायची, ती कोणत्या क्रमाने लिहायची आणि तिच्या आधी काय उरकायचं, ते इथे सांगतो. ग्रेडिंग, म्हणजे फोटोंना ठरावीक रंगांचा लूक देण्याचं काम, तुम्ही स्वतःच करत असाल तरी नोट लिहाच. दहाव्या फोटोपर्यंत डोळ्यांना रंगाची सवय होते आणि पहिल्या फोटोत काय ठरवलं होतं ते आठवत नाही.

नमुन्यासाठी एक संच घेऊ. साड्यांचा छोटा ब्रँड, पावसाळ्यातलं शूट, 18 फोटो. साड्या चार: चिंतामणी निळी, बॉटल ग्रीन, अबोली आणि लाल काठाची मोतिया. जागाही चार: सकाळी दादरचं फूल मार्केट, दुपारी ढगाळ हवेत खोताची वाडी, नंतर चाळीतली ट्यूबलाइटची खोली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. ब्रँडच्या ताईंची मागणी एकच, ‘टील-ऑरेंज हवं’.

## टप्पा 1: संच मांडा आणि उजेडाप्रमाणे गट करा

सगळे फोटो एका पडद्यावर, छोट्या आकारात मांडा. सुंदर कोणता, हे आत्ता बघायचं नाही. बघायचं ते एवढंच, की उजेड किती प्रकारचा आहे. जागा चार असल्या तरी उजेड चारच प्रकारचा असेल असं नाही. आपल्या नमुन्यात पाच निघतात, कारण फूल मार्केटचे काही फोटो उघड्यावर आहेत आणि काही निळ्या ताडपत्रीखाली.

ही ताडपत्री नीट बघून ठेवा. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत अर्ध्या फोटोंत ती असते. तिच्यातून झिरपणारा उजेड निळा असतो आणि तो कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, खांद्यावर म्हणजे वरून जिथे पडतो तिथेच बसतो. हनुवटीखाली मात्र समोरच्या गाळ्यातल्या बल्बचा पिवळा उजेड असतो. अशा फोटोत पूर्ण चौकटीचा व्हाइट बॅलन्स कुठेही सरकवला तरी अर्धा चेहरा चुकीचाच राहतो. असे फोटो वेगळ्या गटात टाका आणि नोटेत लिहा की यांना चेहऱ्यावर वेगळा मास्क, म्हणजे फक्त तेवढ्या भागापुरती दुरुस्ती, लागेल. त्यातला एखादा फोटो जमणारच नसेल तर आत्ताच बाद करा. ग्रेड सगळं झाकून टाकेल या आशेवर ठेवलेला फोटो शेवटी संचातून उठून दिसतोच.

तपासा: प्रत्येक गटातले फोटो रॉ आहेत की जेपेग? एकाच संचात दोन्ही मिसळले असतील तर नोटेत वरच लिहा. जेपेगमधला व्हाइट बॅलन्स रॉइतका सरकत नाही आणि गडद सावलीत रंग भरला की पट्टे दिसू लागतात.

## टप्पा 2: आधी सगळे फोटो एका पातळीवर आणा

सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो हा टप्पा. लोक ग्रेड आधी लावतात आणि मग एकेक फोटो दुरुस्त करत बसतात. क्रम उलटा हवा. आधी प्रत्येक फोटोचा उजेड आणि व्हाइट बॅलन्स साधा, खरा वाटेल असा करायचा. ग्रेड त्याच्यावर. सावलीत मोरपंखी छटा घालायची असेल तर सगळ्या फोटोंची सावली आधी रंगहीन असायला हवी. ट्यूबलाइटच्या खोलीतली सावली मुळातच हिरवट असते. तिच्यावर तीच छटा घातली की ती शेवाळी होते आणि मरीन ड्राइव्हच्या निळ्या सावलीशी तिचं काही केल्या जमत नाही.

गटातल्या एका फोटोत ग्रे कार्ड धरलेलं असेल तर काम सोपं. नसेल तर खरोखर राखाडी असलेली वस्तू शोधा: सिमेंटचा कठडा, स्टीलचा डबा, फरशीचा राखाडी भाग. गटातला एक फोटो जमला की तोच व्हाइट बॅलन्स गटातल्या बाकीच्यांना कॉपी करा. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता तर एकाच जागी एकापाठोपाठ घेतलेल्या फोटोंतही रंग थोडा हललेला असतो, त्यामुळे ‘कॅमेऱ्यात होतं तसंच राहू दे’ असं लिहून चालत नाही.

सावधान: आयड्रॉपर मोतिया साडीवर टेकवू नका. मोतिया पांढरी नाही, तिच्यात पिवळेपणा आहे. सॉफ्टवेअर तो पिवळेपणा चूक समजून काढून टाकतं आणि अख्खा फोटो निळसर होतो. गजऱ्याचंही तेच. सकाळचा मोगरा ठीक, पण संध्याकाळपर्यंत तो पिवळा पडलेला असतो.

उजेडाची पातळी जुळली का हे बघायला सगळे फोटो तात्पुरते कृष्णधवल करा. रंग गेला की कोणत्या फोटोत चेहरा गडद आहे आणि कुठे आकाश जळलंय ते लगेच कळतं. ‘रंग जुळत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा रंग बरोबर असतो, चेहऱ्याचा उजळपणा जुळत नसतो.

## टप्पा 3: मुख्य फोटो निवडा

नोटेतलं प्रत्येक वाक्य एका ठरावीक फोटोकडे बोट दाखवून लिहायचं. त्याला मुख्य फोटो म्हणू. हा संचातला सर्वांत देखणा फोटो असायला हवा असं नाही, उलट बऱ्याचदा तो नसतोच. त्यात पाच गोष्टी असाव्यात: चेहरा (उजेडातली आणि सावलीतली, दोन्ही बाजू), काळे केस, काहीतरी पांढरं, विकायचा माल आणि थोडी मोकळी पार्श्वभूमी.

मरीन ड्राइव्हचा फोटो मुख्य म्हणून निवडायचा मोह होतो. सूर्य मावळल्यावर आकाश निळं, दिव्यांचा उजेड पिवळा, म्हणजे टील-ऑरेंज अर्धं आयतंच तयार. आणि नेमका म्हणूनच तो नको. तिथे शोभलेली ग्रेड खोताच्या वाडीतल्या ढगाळ दुपारी लावली की चेहरा आजारी दिसतो, कारण तिथे नारिंगी व्हायला ऊबदार उजेडच नसतो. मधल्या अवस्थेतला फोटो घ्या. आपल्या संचात तो खोताच्या वाडीतला आहे: लाकडी जिन्याशी उभी, मोतिया साडी, लाल काठ, केसांत गजरा, मागे रंगवलेली भिंत. ढगाळ उजेडात ग्रेड जमली की बाकीकडे ती सौम्य करता येते. उलट दिशेने जाणं फार अवघड.

## टप्पा 4: नोट कोणत्या क्रमाने लिहायची

क्रम असा: काळं, सावल्या, मधले टोन, उजळ भाग, त्वचा, मग एकेक रंग, शेवटी एकूण जोर. कारण साधं आहे. सावल्यांत काय घातलं त्यावर त्वचा कशी दिसेल ते ठरतं आणि त्वचा ठरल्याशिवाय जोर ठरवता येत नाही. ‘व्हायब्रंट हवं’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं की एडिटर आधी सॅच्युरेशन वाढवतो आणि पुढची प्रत्येक सूचना त्या वाढलेल्या रंगावर बसते.

काळं. केसांतला सर्वांत गडद भाग काळाच राहणार, की जरा धुरकट होणार, ते लिहा. टील-ऑरेंजमध्ये शक्यतो काळं काळंच ठेवा. रंगीत सावल्यांच्या तळाशी खरं काळं असलं तर ती छटा मुद्दाम दिलेली वाटते. काळंच मोरपंखी झालं तर कॅमेरा बिघडल्यासारखं दिसतं.

सावल्या. ‘टील’ एवढंच न लिहिता कुठे आणि किती ते लिहा. ‘जिन्याखालच्या सावलीत आणि भिंतीच्या गडद कोपऱ्यात मोरपंखी छटा, केसांत अजिबात नको, ग्रेड बंद करून पाहिल्यावरच फरक कळावा इतकी हलकी.’ आकडा द्यायचा तर लाइटरूमच्या कलर ग्रेडिंग पॅनलमध्ये शॅडोजचा ह्यू 190 ते 200च्या आसपास, सॅच्युरेशन 10 ते 12, ही सुरुवात. याला अंतिम आकडा समजू नका.

मधले टोन. शक्यतो हात लावू नका आणि तसं स्पष्ट लिहा. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांचा मोठा भाग मधल्या टोनमध्ये पडतो. तिथे नारिंगी ढकललं की त्वचा, लाकूड, वीट, माती सगळं एकाच गेरूत बुडतं.

उजळ भाग. इथे हलका ऊबदारपणा द्या, ह्यू 35 ते 40, सॅच्युरेशन सावलीपेक्षा कमी. गजरा पांढराच वाटला पाहिजे. तो लोण्यासारखा दिसू लागला तर जास्त झालं.

त्वचा. त्वचेला वेगळा परिच्छेद द्या. माणसाची त्वचा गोरी असो वा सावळी, तिची रंगछटा नारिंगीच्या एका अरुंद पट्ट्यातच असते. फरक मुख्यतः उजळपणाचा. टील-ऑरेंज चालते ती याच कारणाने: पार्श्वभूमी टीलकडे नेली की चेहरा काही न करताही पुढे येतो. म्हणून चेहऱ्यात वरून नारिंगी ओतायची गरजच नसते. पण त्याच ग्रेडचा धोकाही इथेच आहे. सावळ्या चेहऱ्याची सावलीची बाजू सॉफ्टवेअरच्या हिशेबात ‘शॅडोज’मध्ये जाते आणि तिथे टील शिरते. गालाची कड हिरवट-राखाडी होते. गोऱ्या मॉडेलवर बनवलेल्या प्रीसेटमध्ये ही अडचण कुणाच्या लक्षातच आलेली नसते.

उपाय दोन. बॅलन्स स्लायडर हायलाइट्सच्या बाजूला सरकवला की सावलीच्या रंगाची हद्द आकसते. तेवढ्याने भागलं नाही तर चेहरा-मान-हात यांवर मास्क घालून तिथली टील काढायची. नोटेत दोन्ही लिहा, म्हणजे एडिटर विचारत बसणार नाही.

तपासा: गालाच्या सावलीच्या बाजूवर कर्सर नेऊन हिस्टोग्रामखालचे आर, जी, बी आकडे वाचा. निरोगी त्वचेत आर सर्वांत जास्त, मग जी, मग बी. सावलीत जी आरला गाठू लागला किंवा बी जीच्या पुढे गेला, तर पडद्यावर ठीक वाटलं तरी छटा चेहऱ्यात शिरली आहे.

## टप्पा 5: ज्याला हात लावायचा नाही ते लिहा

मालाचे फोटो असतील तर नोटेतला सर्वांत महागडा परिच्छेद हाच. टील-ऑरेंजचे बरेच प्रीसेट लाइटरूमच्या कॅलिब्रेशन पॅनलमधल्या ब्लू प्रायमरीचा ह्यू डावीकडे ओढून बनवलेले असतात. त्याने सगळे निळे टीलकडे सरकतात आणि लाल-पिवळे नारिंगीकडे. वर हिरवाही टीलकडे ढकललेला असतो. निसर्गाच्या फोटोत हे सुंदर दिसतं. आपल्या संचात चिंतामणी निळी साडी आणि बॉटल ग्रीन साडी, दोन्ही जवळजवळ एकाच मोरपंखी रंगाच्या होतात. अबोली विटकरीकडे जाते आणि लाल काठ केशरी होतो. गिऱ्हाइकाला घरी वेगळ्याच रंगाची साडी पोचते आणि ती परत येते.

म्हणून माल असलेल्या संचासाठी नोटेत लिहा: ‘ब्लू प्रायमरी आणि कलर मिक्सरमधले ह्यू स्लायडर वापरू नयेत. रंग फक्त सावली-उजेडाच्या चाकांतून द्यावा. साडीवर मास्क घालून ग्रेड निम्म्यावर आणावी.’ पूर्ण काढू नका. साडीवर ग्रेड शून्य असली की ती कापून चिकटवल्यासारखी दिसते.

सोबत प्रत्येक साडीचा एक साधा फोटो द्या: खिडकीच्या उजेडात, ग्रे कार्ड शेजारी ठेवून काढलेला. ‘बॉटल ग्रीन’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं तेच एडिटरच्याही येईल याची खात्री नाही. अबोलीबद्दल तर मुळीच नाही. भांडण शब्दावर होऊ नये, त्या फोटोवर बोट ठेवून मिटावं.

## टप्पा 6: पूर्ण नोट

आता सगळं एकत्र. नमुन्याच्या संचासाठी नोट अशी दिसेल:

> संच: 18 फोटो, सगळे रॉ. गट 5. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर जुळवून दिले आहेत, खाली सांगितलेलं सोडून ते बदलू नयेत. बदलावेसे वाटले तर आधी फोन.
>
> मुख्य फोटो: खोताची वाडी, लाकडी जिना, मोतिया साडी. आधी हा एकच फोटो करून पाठवा.
>
> एका वाक्यात: पाऊस पडून गेल्यानंतरची दुपार, सावल्या थंड, माणूस ऊबदार, साडी खरी.
>
> काळं: काळंच. धुरकट नको.
>
> सावल्या: हलकी मोरपंखी. भिंत, जिना, रस्ता यांत. केसांत नको, चेहऱ्याच्या सावलीत नको.
>
> मधले टोन: हात लावू नये.
>
> उजळ भाग: किंचित ऊबदार. गजरा आणि डोळ्यांतलं पांढरं पांढरंच दिसावं.
>
> त्वचा: आहे त्या रंगाची. उजळ करू नये, नारिंगी करू नये.
>
> साडी: ग्रेड निम्मी. ब्लू प्रायमरी आणि कलर मिक्सरमधले ह्यू स्लायडर वापरू नयेत. निळी आणि हिरवी शेजारी ठेवल्यावर वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. रंगासाठी सोबतचे चार फोटो बघा.
>
> गटांचे फरक: मरीन ड्राइव्हला सावलीची छटा कमी, तिथे निळं आधीच आहे. ताडपत्रीच्या फोटोंत चेहऱ्यावर मास्क. ट्यूबलाइटच्या खोलीत हिरवा शिल्लक दिसला तर टिंट मजेंटाकडे.
>
> जोर: संपूर्ण संचात मुख्य फोटोपेक्षा जास्त कुठेही नको.

‘एका वाक्यात’ ही ओळ काही जण गाळतात, काही जण तिच्यातच कविता करतात. ती ठेवा, पण तिच्यात हवा, वेळ आणि कोणत्या गोष्टी थंड-ऊबदार एवढंच असू द्या. ‘नॉस्टॅल्जिक’, ‘प्रीमियम’, ‘रिच’ या शब्दांनी एडिटरने कोणतं चाक कुठे फिरवायचं ते कळत नाही.

दुसऱ्या कुणाचा फोटो संदर्भ म्हणून देणार असाल तर त्यातलं नेमकं काय हवं ते लिहा: ‘यातली सावलीची छटा हवी, त्वचा नको.’ आणि संदर्भातला उजेड तुमच्या उजेडासारखा आहे ना, ते बघा. वाळवंटातल्या कडक उन्हाचा संदर्भ देऊन मुंबईतल्या जुलैचे फोटो तसे होत नाहीत.

## तोच संच मंद पेस्टलमध्ये हवा असेल तर

समजा ताईंनी मन बदललं. नोटेचा सांगाडा तोच राहतो, आतली वाक्यं बदलतात. पेस्टल म्हणजे सॅच्युरेशन कमी, ही इथली ठरलेली चूक. नुसतं सॅच्युरेशन उतरवलं की रंग मळकट होतात. पेस्टलमध्ये रंग फिका होतो तसाच उजळही होतो. म्हणून नोटेत जोडी लिहा: ‘भिंतीचा हिरवा आणि आकाशाचा निळा, सॅच्युरेशन कमी आणि ल्युमिनन्स जास्त, दोन्ही एकत्र.’ कलर मिक्सरमध्ये त्या-त्या रंगापुरतं हे करता येतं.

काळं इथे धुरकट चालतं, पण किती ते ठरवा. टोन कर्व्हचं डावं टोक थोडं वर उचललं की काळ्याचं गडद राखाडी होतं. सगळंच उचललं की फोटोवर धूर बसतो आणि साडीचा पोत दिसेनासा होतो. माझी पट्टी अशी: केसांतल्या बटा वेगळ्या दिसत असतील तर ठीक, केसांचा एकच राखाडी गोळा झाला तर खाली आणा. आणि चाळीतल्या खोलीसारखा आधीच अंधारा गट असेल तर त्याला हे उचलणं निम्म्याने कमी.

पेस्टलमधला मोठा घोटाळा त्वचेवर होतो. बाजारातल्या पेस्टल प्रीसेटमध्ये नारिंगीचा ल्युमिनन्स वर ढकललेला असतो. आपल्या मॉडेलवर तो लावला की सावळी मुलगी दोन छटा गोरी होते आणि वर सॅच्युरेशन कमी केल्यामुळे चेहरा राखाडी दिसतो. मला हे दिसायला वाईट वाटतं तेवढंच वागायलाही वाईट वाटतं. नोटेत सरळ लिहा: ‘नारिंगीचा ल्युमिनन्स शून्यावर. त्वचेचं सॅच्युरेशन पार्श्वभूमीइतकं उतरवू नये.’ पार्श्वभूमी फिकी आणि चेहरा जिवंत, एवढ्याने पेस्टल पुरेसा पेस्टल दिसतो.

साड्यांत अबोली आणि मोतिया पेस्टलला आपोआप बसतात. चिंतामणी आणि बॉटल ग्रीन बसत नाहीत आणि बसवायच्याही नाहीत. त्या दोन साड्यांच्या फोटोंत साडी गडदच राहील, मागचं फिकं होईल, असं आधीच ताईंना सांगून ठेवा. सगळ्याच साड्या गडद असत्या तर पेस्टल नको, असा सल्ला मी दिला असता.

## टप्पा 7: आधी तीन फोटो, मग बाकीचे

मुख्य फोटो मनासारखा झाल्यावर लगेच 18 फोटोंवर कॉपी करायला सांगू नका. आणखी दोन अवघड फोटो मागा. आपल्या संचात ते ताडपत्रीखालचा आणि मरीन ड्राइव्हचा. हे तीन शेजारीशेजारी जमले की बाकीचे जमतात, कारण बाकीचे या तिघांच्या मध्येच कुठेतरी पडतात.

तपासणी अशी करा. मोबाइलचा पडदा पिवळट करणारा नाइट मोड आणि आपोआप रंग बदलणारी सोय आधी बंद. ब्राइटनेस मधोमध. तीन फोटो एका ओळीत, अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. छोट्या आकारात तपशील जातात आणि फक्त रंगाचे ठोकळे राहतात, त्यामुळे जुळत नसलेला फोटो चटकन डोळ्यांत भरतो. मग मोठे करून तीनच ठिकाणं बघा: केस काळे आहेत का, गजरा किंवा डोळ्यांतलं पांढरं पांढरं आहे का, गालाची सावलीची बाजू हिरवी नाही ना.

सावधान: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलवर निर्णय घेऊ नका. ती दाबून लहान केलेली असते आणि सावलीतली हलकी छटा तिथेच आधी तुटते. डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा लिंक घ्या. फाइल एसआरजीबीमध्ये आहे ना, तेही विचारा. दुसऱ्या कलर स्पेसमधली फाइल काही ॲपमध्ये फिकी दिसते आणि मग उगाच ‘रंग वाढवा’ असं सांगितलं जातं.

## टप्पा 8: दुरुस्ती कशी सांगायची

दुरुस्तीच्या निरोपात चार गोष्टी असू द्या: कोणता फोटो, फोटोतली जागा, काय दिसतंय, कोणासारखं हवं.

चुकीचा निरोप: ‘7 नंबर जरा डल वाटतोय, पॉप करा.’

बरोबर निरोप: ‘7 नंबर, डाव्या गालाची कड हिरवट आहे. 3 नंबरच्या गालासारखी हवी. बाकी फोटोला हात लावू नका.’

शेवटचं वाक्य विसरू नका. एडिटर एक जागा दुरुस्त करताना सवयीने पूर्ण फोटो हलवतो आणि सातवा जमला की आठवा-नववा बाहेर पडतात. आणि एकच तक्रार एका गटातल्या सगळ्या फोटोंत दिसत असेल तर एकेका फोटोची दुरुस्ती मागूच नका. दोष टप्पा 2मध्ये आहे, त्या गटाचा व्हाइट बॅलन्स चुकलाय. तो दुरुस्त करून गट पुन्हा ग्रेड करायला लावा. लांब पडतं असं वाटेल, पण काम लवकर संपतं.

दिशा सांगताना दोन्ही टोकं वापरा: ‘निळा कमी’ म्हणण्यापेक्षा ‘निळ्याकडून पिवळ्याकडे थोडं’, ‘हिरवा कमी’ऐवजी ‘हिरव्याकडून मजेंटाकडे’. टेंपरेचर आणि टिंट या दोन स्लायडरची टोकं हीच आहेत, त्यामुळे एडिटरला अंदाज करावा लागत नाही.

संच मंजूर झाल्यावर मुख्य फोटोची ग्रेड नसलेली आणि ग्रेड असलेली प्रत, साड्यांचे खिडकीतले फोटो आणि नोट, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. दिवाळीच्या शूटला नवीन साड्या येतील, उजेड ऑक्टोबरचा कडक असेल. तेव्हा नोटेत ‘गटांचे फरक’ एवढाच परिच्छेद नव्याने लिहायचा आणि पहिला तयार फोटो या जुन्या मुख्य फोटोच्या शेजारी ठेवून बघायचा.